निर्णय कुणाचा ते माहीत नसताना साहेबांच्या पीएला मेल कसा लिहायचा

जळगाव, धुळे, शिरपूरकडच्या छोट्या कारखानदारांचे मोठ्या कंपन्यांना गेलेले मेल बहुतेक वेळा साहेबांच्या पीएकडे जाऊन थांबतात. पीएला आपल्याशी वैर नसतं. अडचण अशी की मेल लिहिलेला असतो साहेबांसाठी आणि पाठवलेला असतो तिला. त्यात कंपनीची ओळख असते, मशिनरीची यादी असते, ‘एकदा भेटीची संधी द्यावी’ असतं. पण तिने नेमकं काय करायचं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. साहेबांना दाखवायचं, खरेदी विभागाला पाठवायचं, की सोडून द्यायचं? तिसरं सगळ्यात सोपं, म्हणून तेच होतं.

सगळे टप्पे एकाच उदाहरणावर बघू. समजा तुमचा जळगाव एमआयडीसीत कोरुगेटेड खोक्यांचा छोटा कारखाना आहे. केळी निर्यात करणारी एक मोठी कंपनी तुम्हाला ग्राहक म्हणून हवी आहे. तिचं पॅकहाऊस सावद्याजवळ आणि मुख्य कार्यालय मुंबईत. वेबसाइटवर एक सर्वसाधारण मेल पत्ता आहे आणि व्यवस्थापकीय संचालकांच्या कार्यालयाचा एक. खोकी कुणाकडून घ्यायची हे ठरवतं कोण, ते कुठेच लिहिलेलं नाही.

ते लिहिलेलं नसण्याला कारण आहे. खोक्याचा निर्णय एका माणसाच्या हातात क्वचितच असतो. केळी १३-१४ अंश सेल्सिअसला, दमट हवेत, रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमधून जातात. पुठ्ठा ओलावा ओढतो, मऊ पडतो आणि खालच्या थरातली खोकी दबतात. म्हणून किती पदरांचं खोकं, किती वजनाचा कागद, छिद्रं कुठे, हे निर्यातीची गुणवत्ता बघणारे ठरवतात. दर खरेदी विभाग ठरवतो. ट्रायल पॅकहाऊसचा इनचार्ज घेतो. नवीन व्हेंडरला मंजुरी मुंबईतून मिळते. या चौघांपैकी आधी कुणाकडे जायचं, हे बाहेरच्याला कळत नाही. पीएला मात्र कळतं, कारण रोजचे कागद कुठल्या टेबलावरून येतात हे तीच बघते.

आधी हे बघा: हा रस्ता तुमच्या कामाला लागू आहे का?

समोर सरकारी खरेदी असेल तर इथेच थांबा. भुसावळ किंवा वरणगावची आयुध निर्माणी, रेल्वेचा भुसावळ विभाग, दीपनगरचं वीज केंद्र अशा ठिकाणी स्वीय सहायकाला मेल करून माल विकला जात नाही. तिथे जेम पोर्टल, रेल्वेचं आयआरईपीएस आणि ई-निविदा हेच रस्ते आहेत. पुढचं सगळं खासगी कंपन्यांसाठी आहे.

## टप्पा १: मेलच्या आधी जेवढं कळू शकतं तेवढं माहीत करून घ्या

पीएला विचारायचा प्रश्न जितका अरुंद, तितकं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. त्यासाठी थोडी पायपीट लागते, आणि खान्देशात ती सोपी आहे, कारण पॅकहाऊस आपल्या दारातच आहे.

सुरुवात खोक्यापासून करा. कंपनीचं वापरलेलं किंवा नाकारलेलं एखादं खोकं मिळवा. पदर किती, माप काय, छपाई किती रंगांची, हे त्याच्यावरच दिसतं. तळाच्या फ्लॅपवर बनवणाऱ्याचा शिक्का अनेकदा सापडतो. तो वाचला की सध्याचा पुरवठादार इथलाच आहे की गुजरात, नाशिककडचा, ते कळतं. लांबचा असेल तर तुमच्या मेलमधलं सगळ्यात वजनदार वाक्य तुम्हाला तिथेच मिळालं: आम्ही जवळ आहोत.

मग पॅकहाऊसवर माल उतरवणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरशी बोला. खोकी आली की सही कोण करतं आणि खराब निघाली की ओरडतं कोण, एवढंच विचारा. ही दोन माणसं बहुधा वेगळी असतात, आणि दोघंही तुमच्या चार जणांच्या यादीत बसतात.

तिसरी जागा म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या जाहिराती. ‘पॅकेजिंग खरेदीचा अनुभव हवा’ अशी जाहिरात मुंबई कार्यालयासाठी असेल, तर खरेदी मुंबईतून होते. ती सावद्यासाठी असेल, तर निदान काही खरेदी इथून होत असावी.

नाव मिळालं तर उत्तम, पण आपल्याकडे एक गोची आहे. ‘पाटील साहेबांना भेटा’ हे उत्तर खान्देशात उत्तर नसतंच. एका ऑफिसात तीन पाटील, दोन महाजन आणि एक चौधरी असतात. आडनावासोबत विभाग घेतल्याशिवाय गेटवरून हलू नका.

*तपासा:* आता तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे की निर्णय कोणत्या दोन किंवा तीन विभागांपैकी एकाकडे आहे. सांगता येत नसेल तर मेल लिहायला बसू नका.

## टप्पा २: कोणत्या दारावर जायचं ते ठरवा

आपल्या उदाहरणात तीन दारं आहेत: वेबसाइटवरचा सर्वसाधारण पत्ता, सावद्याच्या पॅकहाऊसचं ऑफिस, आणि मुंबईत व्यवस्थापकीय संचालकांच्या पीए, म्हणजे एक्झिक्युटिव्ह असिस्टंट.

सर्वसाधारण पत्त्यावर रोज काय काय येऊन पडतं कुणास ठाऊक, आणि ते वाचणाऱ्याला पुढे पाठवायचा अधिकार असेलच असं नाही. तो शेवटचा पर्याय. पॅकहाऊसचं ऑफिस विषयाला सगळ्यात जवळचं, पण व्हेंडर मंजुरी वरून येत असेल तर तिथला माणूस ‘मुंबईला बोला’ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे निर्णय इथे की मुंबईत, हे टप्पा १ नंतरही धूसर असेल तर एक्झिक्युटिव्ह असिस्टंटला लिहा. तिला दोन्ही बाजू दिसतात. निर्णय सावद्यातच होतो हे नक्की कळलं असेल, तर मुंबईला लिहून उगाच वरून दबाव आणू नका. इनचार्ज ते लक्षात ठेवतो.

तिचं नाव आणि मेल पत्ता मिळवायला बोर्ड लाइनवर फोन करा. ऑपरेटरला सांगा, ‘एमडी साहेबांच्या कार्यालयाला एक पत्र पाठवायचंय, कुणाच्या नावे पाठवू?’ हा प्रश्न कुणालाही संशयास्पद वाटत नाही.

*सावध:* नाव, टिंब, आडनाव अशा पाच-सहा जोड्या करून अंदाजाने मेल सोडू नका. चुकीच्या पत्त्यांवरून परत आलेले मेल तुमच्या पत्त्याची पत खराब करतात, आणि चुकून एखादा साहेबांनाच गेला तर पीएला वगळून गेल्यासारखं दिसतं.

## टप्पा ३: प्रश्न ठरवा, एकच

या कामात सगळ्यात जास्त मेल इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबू.

मनातला प्रश्न असतो, ‘खोक्यांचा निर्णय कोण घेतं?’ तो तसाच विचारला जातो आणि उत्तर येत नाही. तिच्या खुर्चीत बसून बघा. निर्णय कुणाचा, हे बाहेरच्या माणसाला लेखी सांगणं म्हणजे कंपनीच्या आतली गोष्ट सांगणं. उद्या कुणी विचारलं की ‘हे तुम्ही कळवलंत का?’, तर अडचण तिची. शिवाय तिला कदाचित खरंच माहीत नसतं, कारण निर्णय चार जणांत वाटलेला आहे. मग ती गप्प राहते.

तीच गोष्ट अशी विचारा: ‘ही माहिती कोणत्या विभागाकडे पाठवावी?’ यात ती निर्णयाबद्दल काहीच बोलत नाही, फक्त टपाल योग्य टेबलावर पोचवते. ते तिचं रोजचं काम आहे, आणि त्यात तिच्या अंगाशी काही येत नाही.

त्यापुढे पर्याय द्या: खरेदी विभाग, निर्यात गुणवत्ता, की सावद्याचं पॅकहाऊस? टप्पा १ ची मेहनत इथे वसूल होते. पर्याय दिले की उत्तर एका शब्दात देता येतं, आणि लिफ्टमध्ये उभं राहून मोबाइलवरही देता येतं. शिवाय तुम्ही कंपनी समजून घेऊन लिहिलंय, हे न सांगता कळतं.

आता त्याच मेलमध्ये दुसरं काहीही मागायचं नाही. भेट नाही, साहेबांचा मोबाइल नंबर नाही, ‘पाच मिनिटं’ नाहीत. दोन मागण्या आल्या की तिला दोन निर्णय घ्यावे लागतात आणि मेल ‘नंतर बघू’मध्ये जातो. साहेबांचा नंबर मागणं तर सगळ्यात वाईट, कारण तो कुणालाही न देणं हेच तिचं काम आहे.

## टप्पा ४: आधी मेलचा खालचा भाग लिहा

क्रम उलटा वाटेल, पण असाच ठेवा. आधी खालचा भाग, मग वरचा, विषय सगळ्यात शेवटी.

खालचा भाग म्हणजे पीए जसाच्या तसा पुढे पाठवू शकेल असा मजकूर. तो तिच्यासाठी नाही, ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठी आहे, आणि तो कोण ते तुम्हाला माहीत नाही. म्हणून तो चारही टेबलांवर चालला पाहिजे. गुणवत्तेवाल्याला त्यात खोक्याचा तपशील दिसावा, खरेदीवाल्याला क्षमता आणि अंतर, पॅकहाऊसवाल्याला ट्रायल कशी घ्यायची ते.

त्यात ‘आदरणीय साहेब’ नको, ‘आपण म्हणालात त्याप्रमाणे’ नको, आणि ‘मॅडम, कृपया साहेबांना दाखवा’ तर अजिबात नको. पुढे गेलेल्या मेलमध्ये अशी वाक्यं लोंबकळत राहतात.

आपल्या उदाहरणात तो असा होईल. रिकाम्या जागी तुमचे खरे आकडे टाका. न झेपणारा आकडा इथे लिहिला तर ट्रायलच्या दिवशी उघडा पडतो.

> केळी निर्यातीसाठी कोरुगेटेड खोकी, जळगाव
>
> आम्ही जळगाव एमआयडीसीत ५ आणि ७ पदरी कोरुगेटेड खोकी बनवतो. १३ किलो केळीसाठीचं हवेच्या छिद्रांसह खोकं सध्या तयार होतं. माप: ____. कागदाचं वजन आणि बर्स्टिंग स्ट्रेंग्थ: ____.
>
> रोजची क्षमता: ____ खोकी. सावद्याच्या पॅकहाऊसपर्यंत माल त्याच दिवशी पोचतो, त्यामुळे काढणीचा आकडा ऐनवेळी वाढला तरी जास्तीची खोकी देता येतात.
>
> ट्रायलसाठी ____ खोकी आमच्या खर्चाने देऊ. शीतगृहातल्या दमट हवेत आपल्या नेहमीच्या थप्पीच्या उंचीला ठेवून ती तपासता येतील.
>
> उद्यम नोंदणी आणि जीएसटी क्रमांक: ____. संपर्क: ____

दर यात नाही. माप, पदर आणि छपाई नक्की झाल्याशिवाय दिलेला दर चुकीचाच असतो, आणि तो चार इनबॉक्स फिरून आल्यावर तुमच्या गळ्यात पडतो. ‘सर्वोत्तम दर्जा, वाजवी दर’ हे वाक्यही नाही. ते प्रत्येकाच्या मेलमध्ये असतं, त्यामुळे कुणी वाचत नाही.

*तपासा:* हा भाग वेगळा काढून कारखान्यातल्या कुणाला तरी वाचायला द्या. वरचा भाग न वाचता त्याला पूर्ण अर्थ लागला तर ठीक. ‘हे कुणाला लिहिलंय?’ असं त्याने विचारलं तर पुन्हा लिहा.

## टप्पा ५: वरचा भाग, पीएसाठी

हा चार-पाच ओळींचा. त्यात तुम्ही कोण, प्रश्न काय, पुढे पाठवायचा मजकूर खाली आहे, आणि नकार चालेल, एवढंच.

> नमस्कार ____ मॅडम,
>
> मी ____, जळगावात केळी निर्यातीसाठीची खोकी बनवतो. आपल्या सावद्याच्या पॅकहाऊससाठी खोक्यांची माहिती द्यायची आहे. ती कोणत्या विभागाकडे पाठवावी: खरेदी, निर्यात गुणवत्ता, की पॅकहाऊस?
>
> विभागाचं नाव कळवलंत तरी पुरेसं आहे. पुढे पाठवणं सोयीचं असेल तर खालचा मजकूर तसाच पाठवता येईल. नवीन पुरवठादार घेत नसाल तर तेवढं कळवा, मी पुन्हा त्रास देणार नाही.
>
> आपला,
> ____

‘विभागाचं नाव कळवलंत तरी पुरेसं आहे’ या वाक्याने ती माणसाचं नाव देण्याच्या जबाबदारीतून सुटते. गंमत अशी की सुटल्यावर बऱ्याचदा ती नावही देते.

नकाराची वाट मोकळी ठेवायला आपल्याला जड जातं, पण ठेवा. ‘नाही’ कळलं तर तुमचा महिना वाचतो.

संबोधनाबद्दल थोडं. आपण फोनवर सहज ‘ताई’, ‘दादा’, ‘भाऊ’ म्हणतो, आणि सावद्याच्या ऑफिसात ते चालतं, किंबहुना बरं वाटतं. मुंबईच्या कार्यालयाला पहिल्या मेलमध्ये मात्र आडनाव आणि ‘मॅडम’ किंवा ‘सर’ ठेवा. समोर बाई आहे की पुरुष ते माहीत नसेल तर अंदाज करू नका. ‘नमस्कार’ लिहा आणि खालच्या ओळीत ‘व्यवस्थापकीय संचालकांचं कार्यालय’. आणि ती इंग्रजीतच काम करत असेल, तर हाच आराखडा साध्या इंग्रजीत लिहा. वाक्यं तेवढीच लहान ठेवा.

*सावध:* ‘साहेबांशी बोलणं झालंय’ किंवा ‘साहेबांनी सांगितलं म्हणून लिहितोय’ हे खरं नसेल तर लिहू नका. साहेबांचं बोलणं कुणाशी झालं, हे जगात सगळ्यात आधी तिला माहीत असतं. एका प्रश्नात ती खरं-खोटं करते, आणि मग ते दार कायमचं बंद.

## टप्पा ६: विषय आणि पाठवणाऱ्याचं नाव

मोबाइलवर मेलच्या यादीत पाठवणाऱ्याचं नाव, विषयाचे पहिले काही शब्द आणि मजकुराची पहिली ओळ दिसते. उघडायचं की नाही ते तिथेच ठरतं.

विषयात महत्त्वाचा शब्द आधी आणा: ‘केळीची खोकी, सावदा: माहिती कोणत्या विभागाला?’ यात वस्तू आहे, ठिकाण आहे आणि प्रश्न आहे. ‘व्यवसायाची संधी’, ‘सहकार्याचा प्रस्ताव’ असे विषय सगळ्या जाहिराती मेलचे असतात. आधी बोलणं झालेलं नसताना विषयाच्या पुढे `Re:` लावणं ही क्लृप्ती काही लोक शिकवतात. पीए आपल्या पेटीत जुना मेल शोधते, सापडत नाही, आणि तुम्ही खोटे ठरता.

पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव आणि गाव दिसू द्या. अनेक कारखान्यांचा मेल मुलाने कॉलेजात असताना उघडलेला असतो आणि नावाच्या जागी काहीतरी विचित्र असतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बदला. दोन मिनिटांचं काम आहे.

## टप्पा ७: पाठवण्यापूर्वीची तपासणी

कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून मेल पाठवत असाल तर आधी एक मेल स्वतःच्या जीमेलला पाठवा. संगणकावर तो उघडून तीन टिंबांच्या मेनूत `Show original` दाबा. तिथे `SPF` आणि `DKIM` समोर `PASS` दिसलं पाहिजे. `FAIL` दिसलं तर मेल बनवून देणाऱ्याला बोलवा आणि ते दुरुस्त झाल्याशिवाय पाठवू नका. नाहीतर मेल स्पॅममध्ये पडेल, आणि तुम्ही पीएला दोष देत बसाल.

पहिल्या मेलला जोडपत्र नको. अनोळखी पत्त्यावरून आलेली फाइल उघडायची नाही, असं मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांना बजावलेलं असतं. तीस पानी कॅटलॉग तर फोनवर कुणी उघडतही नाही. ज्याला तपशील हवा तो मागेल.

सीसीमध्ये कुणीही नको, साहेब तर नकोच. साहेबांना सीसीत ठेवून पीएला प्रश्न विचारला की ती उत्तर देत नाही, साहेब काय म्हणतात याची वाट बघते. साहेबांना वाटतं पीएने बघितलं असेल. दोघं थांबतात आणि मेल खाली सरकत जातो.

पाठवण्याची वेळ: सोमवार सकाळ टाळा, तेव्हा ती साहेबांचा आठवडा लावत असते. मार्चअखेरचे दिवस टाळा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिमाही निकालाच्या आसपासही नको. खोक्यांच्या बाबतीत आणखी एक: काढणीच्या ऐन गर्दीत नवीन पुरवठादाराचं कुणी ऐकत नाही. अपवाद एकच, त्याच आठवड्यात खोकी कमी पडत असतील तर. ते ड्रायव्हरकडून कळतं.

## टप्पा ८: उत्तर आलं, आता ते नीट वाचा

विभागाचं किंवा माणसाचं नाव आलं. एका ओळीत आभार मानून थांबा. ‘त्यांचा नंबर मिळेल का?’ हे पुढचं पाऊल मोह घालतं. ते उचलू नका, नंबर बोर्ड लाइनवरून मिळतो.

‘पुढे पाठवलं आहे.’ हे चांगलं उत्तर आहे, पण आपल्याकडे अनेकांना ती टोलवाटोलवी वाटते आणि ते लगेच विचारतात, कुणाला पाठवलं? विचारू नका. आभार माना आणि पुढचे काही दिवस अनोळखी नंबरवरून आलेले फोन उचला. कारखान्यात मशीनच्या आवाजात फोन ऐकू येत नाही ही अडचण खरी आहे. म्हणून मेलमध्ये दिलेला नंबर ऑफिसात बसणाऱ्या माणसाचा असू द्या, आणि त्याला आधी सांगून ठेवा की फोन कुठून येऊ शकतो.

‘वेबसाइटवर व्हेंडर नोंदणी करा.’ नोंदणी पूर्ण करा, कागद जोडा, मग त्याच मेलला उत्तर द्या: ‘नोंदणी झाली, क्रमांक अमुक. पॅकेजिंगची नोंदणी कोणता विभाग बघतो?’ नुसती नोंदणी करून बसलात तर ती यादीत पडून राहते. क्रमांक देऊन विचारलेला प्रश्न वेगळा ठरतो, कारण सांगितलेलं काम तुम्ही केलेलं असतं.

‘आधी दर पाठवा.’ सरळ नाही म्हणू नका. ‘माप, पदर आणि छपाई कळली की त्याच दिवशी दर देतो. हे तपशील कुणाकडून घेऊ?’ म्हणजे प्रश्न पुन्हा विभागावरच येतो.

‘सध्या गरज नाही.’ एकच गोष्ट विचारा: वर्षाचे दर साधारण कोणत्या महिन्यात ठरतात? उत्तर आलं तर कॅलेंडरमध्ये टाका. नाही आलं तरी विषय संपला.

## टप्पा ९: नाव मिळालेल्या माणसाला लिहिणं

इथे शब्द जपून वापरा. ‘एमडी साहेबांच्या कार्यालयाने पाठवलंय’ आणि ‘एमडी साहेबांच्या कार्यालयातून आपला विभाग कळवला’ यांत फार अंतर आहे. पहिलं वाचून खरेदीच्या माणसाला वाटतं की वरून वशिला आलाय. तो तोंडावर गोड बोलतो आणि फाइल गार करतो. दुसरं वाचून त्याला फक्त एवढं कळतं की तुम्ही योग्य ठिकाणी आलात.

> नमस्कार,
>
> पॅकेजिंगची माहिती आपल्या विभागाकडे पाठवावी असं व्यवस्थापकीय संचालकांच्या कार्यालयातून कळलं. तपशील खाली दिला आहे. ट्रायलसाठी खोकी सावद्याला कधी आणून देऊ?

खाली टप्पा ४ चा मजकूर, जसाच्या तसा.

पीएला सीसीत ठेवायचं का, यावर मतं वेगळी आहेत. मी म्हणतो नको. तिचं काम झालंय, आणि तिचा पत्ता दिसला की समोरच्याला पाळत वाटते. तिनेच सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

नाव मिळालेला माणूस निर्णय घेणारा असेलच असं नाही. तो तुमच्या चौघांपैकी एक आहे, एवढंच नक्की. म्हणून त्याच्याशी पहिलं बोलणं संपताना विचारा: ‘ट्रायल पास झाली तर पुढची मंजुरी कुणाकडून लागते?’ पीएला न झेपणारा प्रश्न इथे सहज चालतो, कारण आता तो कामाचा भाग आहे. चार टेबलांचा क्रम याच उत्तरातून उलगडतो. तो लगेच लिहून ठेवा: नाव, विभाग, आणि कोणानंतर कोण.

*सावध:* दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन पीएकडे जायची आपल्याकडे रीत आहे. अनेक कंपन्यांत पुरवठादाराकडून भेट घ्यायला बंदी असते. डबा परत करताना तीही अवघडते आणि तुम्हीही.

## टप्पा १०: काहीच उत्तर आलं नाही तर

पाच-सहा कामाचे दिवस थांबा. मग त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी टाका, म्हणजे जुना मजकूर खाली राहील: ‘नमस्कार मॅडम, खालच्या माहितीसाठी विभाग कळला तर तिकडे पाठवेन. खरेदी विभागाकडेच पाठवू का?’ शेवटचा प्रश्न मुद्दाम असा ठेवलाय की ‘हो’ एवढंच लिहून काम भागावं. ‘माझ्या मेलला उत्तर मिळालं नाही’ असं तक्रारीचं वाक्य नको. तिला ते माहीत आहे.

तरीही शांतता असेल तर आठवडाभराने बोर्ड लाइनवर फोन करून तिच्याशी बोलायला मागा. साधारण साडेतीन-चारच्या सुमारास, जेवणानंतरची गर्दी ओसरल्यावर. फोनवरही तोच एक प्रश्न. तिने ‘मेल करा’ म्हटलं तर ‘केलाय’ म्हणून अडून बसू नका. ‘पुन्हा पाठवतो, विषयात काय लिहू म्हणजे आपल्याला सापडेल?’ असं विचारा. तिने सांगितलेला शब्द विषयात टाकून लगेच, फोन ठेवल्या ठेवल्या पाठवा.

तिने फोनवर मागितला नसेल तर तिसरा मेल लिहू नका. तिला ओलांडून साहेबांना ‘आपल्या कार्यालयाकडून प्रतिसाद नाही’ असंही कळवू नका. ते पत्र साहेबांच्या टेबलावर तिच्याच हातून जातं.

मुंबईचं दार इथे बंद समजा आणि सावद्याला वळा. सकाळी भरणी सुरू व्हायच्या आधी इनचार्जला गाठा, चार खोकी हातात घेऊन जा, आणि तोच प्रश्न विचारा: याची माहिती कुणाकडे द्यायची? तो ‘मुंबईला बोला’ म्हणाला तर मुंबईत कोणत्या विभागाला, ते त्याच्याकडूनच विचारून घ्या. पुढचा मेल थेट त्या विभागाला जाईल, आणि पीएच्या पेटीत तुमच्या नावाचा आणखी एक मेल पडणार नाही.